पाण्याची रेल्वे राहू दे, सहा ड्रम सांग

*सर, मी रेणापूर तालुक्यातला. यंदा बी.टेक. सिव्हिल झालं. गेटच्या स्कोअरवर एम.टेक. रिसर्च असिस्टंटशिपच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय, शाखा जलसंपदा. हातात तीन आठवडे आहेत. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर काय बोलू? २०१६ ला मी आठवीत होतो. लातूरला पाण्याची रेल्वे आली तो दुष्काळ बघितलाय, तोच प्रसंग सांगायचं ठरवलंय. आमची शेतातली बोअर तेव्हा सहा ड्रम भरले की हवा घ्यायची, मग अडीच-तीन तास थांबावं लागायचं. अडचण अशी की माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट फ्लाय अ‍ॅशच्या काँक्रीटवर आहे, आणि इंग्रजी कच्चं आहे. ही शाखा का निवडली हे त्यांना पटेल असं कसं सांगू?*

तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलास. सहा ड्रम भरले की बोअर हवा घ्यायची आणि अडीच-तीन तास थांबावं लागायचं. तुझी ओळख या वाक्यावर उभी कर. रेल्वेचा उल्लेख पूर्णपणे काढ.

रेल्वे का नको ते आधी सांगतो. मी जलविज्ञान शिकवतो, मूळचा परभणी जिल्ह्यातला आहे आणि बरीच वर्षं अशा मुलाखतींत टेबलाच्या पलीकडे बसलोय. जलसंपदा शाखेला लातूर, धाराशिव, बीडकडची मुलं येतात तेव्हा त्यांतली बरीचशी एप्रिल २०१६ पासून सुरुवात करतात. मिरजेहून रेल्वे आली, पहिल्या फेरीला दहा वॅगन होत्या, लोक स्टेशनावर बघायला गेले. सगळं खरं आहे आणि तुम्ही मुलांनी ते दिवस सोसलेत. पण ती रेल्वे लातूर शहराला पाणी द्यायला आली होती, कारण शहर धनेगावच्या मांजरा प्रकल्पावर अवलंबून होतं आणि तो कोरडा पडला होता. तुमच्या शेतातल्या बोअरचा त्या धरणाशी संबंध नव्हता. म्हणजे तू रेल्वेचं नाव घेतलंस की पुढचे प्रश्न धरणावर जाणार. धरण का आटलं, वरच्या बाजूला किती पाणी अडलं, उसाचा वाटा किती. या प्रश्नांवर तुझ्याकडे वर्तमानपत्रात वाचलेलं उत्तर असेल, आणि समोरच्यांनीही तेच वर्तमानपत्र वाचलेलं असतं.

रिसर्च असिस्टंटशिपची मुलाखत घेणारे तीन-चार प्राध्यापक असतात. त्यांतला एक जण पुढची दोन-तीन वर्षं तुला आपल्या कामावर घेणार असतो. तुझे गुण, गेटचा स्कोअर, प्रोजेक्टचं नाव, गाव हे सगळं त्यांच्या पुढ्यातल्या कागदावर आहे. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणतात तेव्हा त्यांना तो कागद पुन्हा ऐकायचा नसतो. या मुलाला पहिला प्रश्न कुठे विचारायचा, ती जागा ते शोधत असतात. ती जागा तू दाखवलीस तर मुलाखत तुझ्या ओळखीच्या रानातून जाते. नाही दाखवलीस तर कुणीतरी मॅनिंगच्या सूत्रापासून सुरू करतो, आणि ते कुठेही जाऊ शकतं.

अनुभव खरा असूनही उसना कसा वाटतो, याचा एक प्रसंग सांगतो. औसा तालुक्यातला एक मुलगा स्ट्रक्चर्सच्या मुलाखतीला आला होता. मी त्या दिवशी सहज बसलो होतो. त्यानं किल्लारीपासून सुरुवात केली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, गाव झोपेत, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यावर माळवदाचं ओझं. फार चांगलं बोलला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘‘तुमचा जन्म कधीचा?’’ २००१ चा. ‘‘मग यात तुम्ही स्वतः काय पाहिलंत?’’ मुलगा थांबला. त्याला वाटलं आपण पकडले गेलो. मग चाचरत म्हणाला, की पुनर्वसनात मिळालेल्या घराला चुलत्यानं मागून एक खोली जोडली, आणि जुन्या भिंतीत नवी भिंत गुंफलेली नाही, नुसती टेकवून उभी केलीय. गिलाव्याला दरवर्षी तिथेच तडा जातो, दरवर्षी बुजवतात. बाई पुढे सरकून बसल्या. तडा उभा जातो की तिरका? वरून रुंद की खालून? नव्या खोलीचा पाया किती खोल? पुढची पंधरा मिनिटं तो तडाच चालला, आणि त्यातली बरीचशी उत्तरं त्याला माहीत होती, कारण दिवाळीला तो तडा तोच भरायचा. किल्लारी त्याच्या घराण्याच्या वाट्याला आली होती, पण तडा त्याचा स्वतःचा होता.

तुझा तडा म्हणजे ते सहा ड्रम. आता ते नीट उलगडून बघू, कारण तुला स्वतःलाच अजून त्यात काय आहे ते दिसलेलं नाही असं मला वाटतं.

आज घरी फोन कर आणि वडिलांना तीन गोष्टी विचार. बोअर किती इंची होती, ड्रम कोणते होते, आणि मोटार सोडताना किती पाइप लागले होते. खोली विचारलीस तर ‘चारशे फूट’ असं गोल उत्तर येईल. पाइपांची संख्या मात्र घरोघरी पक्की लक्षात असते, कारण प्रत्येक पाइपाचे पैसे मोजलेले असतात आणि मोटार जळली की तेच पाइप पुन्हा बाहेर काढावे लागतात. समजा उत्तर आलं साडेसहा इंची बोअर, दोनशे लिटरचे प्लास्टिकचे ड्रम आणि वीस फुटी एकोणीस पाइप. तुझे खरे आकडे वेगळे येतील, रीत हीच ठेव.

एकोणीस पाइप म्हणजे मोटार ३८० फुटांवर. साडेसहा इंची भोकाचा व्यास साधारण १६५ मिलिमीटर. एक मीटर उंचीत साधारण २१ लिटर पाणी मावतं, आतल्या पाइपाची जागा वजा केली तर २० लिटर धर. सहा ड्रम म्हणजे १२०० लिटर. १२०० ला २० नं भाग दे, ६० मीटर येतात, म्हणजे जवळपास २०० फूट. मोटार हवा घ्यायला लागली याचा अर्थ पाणी मोटारीपर्यंत उतरलं. तेव्हा मोटार सुरू करताना पाणी मोटारीच्या वर २०० फूट उभं होतं, म्हणजे जमिनीपासून १८० फुटांवर.

यातून काय कळलं ते बघ. ते सहा ड्रम म्हणजे जवळजवळ नुसतं भोकात साठलेलं पाणी होतं. मोटार चालू होती तेवढ्या वेळात खडकानं फारसं काही दिलंच नाही. खडक जे देत होता ते पुढच्या अडीच तासांत. १२०० लिटर भरायला १५० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ८ लिटर. तुमच्या बोअरची त्या उन्हाळ्यातली खरी ताकद मिनिटाला ८ लिटर होती, तासाला पाचशेच्या आत. मोटारीच्या तोंडातून पाणी जोरात येताना बघून कुणालाही बोअर चांगली वाटली असती.

इथे एखादा सर नक्की विचारेल, की मोटार चालू असतानाही खडकातून पाणी येतच असणार, ते कुठे धरलं? विचारलं तर आनंद मान, कारण ते तुझ्या हिशेबात शिरले. सहा ड्रम भरायला वीस मिनिटं लागत असतील तर त्या वेळात ८ च्या हिशेबानं १६० लिटर आत आलं. मग भोकातलं पाणी १०४० लिटर, स्तंभ ५२ मीटर, म्हणजे १७० फूट. सुरुवातीची पातळी १८० ऐवजी २१० फुटांच्या आसपास येते. म्हणजे तुझं उत्तर १८० ते २१० फूट, आणि ते अंदाजाचं आहे. त्या वर्षी कुणी टेप सोडून पातळी मोजली नव्हती, हे स्पष्ट सांग. ते सांगितल्यानं तुझं काही कमी होत नाही. आमच्याकडे पीएच.डी. करणारी मुलंसुद्धा न मोजलेला आकडा मोजल्यासारखा सांगतात, ते सोडवायला आम्हाला वर्ष लागतं.

या सगळ्यात एक धोका आहे आणि तो तू आत्ताच तपासून घे. अडीच-तीन तास थांबायचो ते पाण्यासाठी की लाइटसाठी? आपल्याकडे शेतीची वीज पाळीनं येते. कधी कधी मोटार बंद राहायची ती लाइट गेल्यामुळे, आणि आठवणीत दोन्ही थांबणं एक होऊन बसतं. वडिलांना विचार की तीन तासांच्या आधी मोटार टाकून बघितली होती का, आणि तेव्हा किती ड्रम भरले. ‘तासाभरात टाकली तर दोनच ड्रम भरायचे’ असं उत्तर आलं तर तुझा हिशेब पक्का झाला, कारण तासाला पाचशे लिटर म्हणजे दोन-अडीच ड्रमच. उत्तर आलं नाही तर मुलाखतीत हा प्रश्न आल्यावर म्हण, की वेळेत विजेची पाळी मिसळलेली असू शकते, म्हणून ८ लिटर हा कमीत कमी आकडा धरतो. का कमीत कमी ते कळलं ना? बोअर आधीच भरून लाइटची वाट बघत असेल, तर भरायला प्रत्यक्षात कमी वेळ लागला असणार.

हा हिशेब ओळखीत सांगायचा नाही. ओळख दीड मिनिटाची. हिशेब खिशात ठेव, विचारल्यावर काढ. ओळखीत फक्त पाहिलेली गोष्ट, तिनं पाडलेला प्रश्न आणि त्या प्रश्नामागे तू काय केलंस एवढंच यावं. मी तुझ्या जागी असतो तर साधारण असं बोललो असतो:

‘‘मी लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातला. घरी कोरडवाहू शेती आहे आणि एक बोअर. २०१६ च्या उन्हाळ्यात मी आठवीत होतो, मोटार चालू-बंद करायचं काम माझ्याकडे होतं. सहा ड्रम भरले की मोटार हवा घ्यायची. अडीच तास थांबलं की पुन्हा सहाच ड्रम. पाच कधी नाही, सात कधी नाही. हे पाणी परत कुठून येतं आणि इतकंच का येतं, हे तेव्हा मी सगळ्यांना विचारायचो. बोअर मारणाऱ्यानं सांगितलं की खाली झरा आहे. बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षी हायड्रॉलॉजीत रिकव्हरी टेस्ट शिकलो तेव्हा लक्षात आलं, की मी ती टेस्ट रोज चार वेळा करत होतो, फक्त लिहून ठेवत नव्हतो. माझा प्रोजेक्ट काँक्रीटवर झाला. पण गेल्या पंधरा दिवसांत मी शेजारच्या विहिरीवर मोटार बंद झाल्यानंतरची पातळी मोजली आहे, ते आकडे सोबत आणलेत. बेसाल्टमध्ये एकाच शिवारात एक बोअर टिकते आणि दुसरी का टिकत नाही, या प्रश्नावर मला काम करायचं आहे.’’

हे माझे शब्द झाले, तू तुझे घाल. पाच कधी नाही, सात कधी नाही हे खरं नसेल तर काढून टाक. तिसऱ्या वर्षी वर्गात तसं काही लक्षात आलं नसेल आणि आज माझं उत्तर वाचून येत असेल, तर ‘आता तयारी करताना लक्षात आलं’ असं म्हण. चालतं. एखादी गोष्ट उशिरा कळली म्हणून कुणी गुण कापत नाही. पण ‘लहानपणापासून मला जलसंपदेत संशोधन करायचं होतं’ असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग काँक्रीट का केलंत?

तेव्हा काँक्रीटचं बघू. प्रोजेक्टचा गट आणि विषय बऱ्याच कॉलेजांत गाइडप्रमाणे वाटून मिळतो, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. एका वाक्यात सांग आणि पुढे जा. लांबलचक खुलासा केलास तर तीच दुखरी जागा ठरेल. आणि फ्लाय अ‍ॅशचं पाणीशोषण, पारगम्यता आणि जलसंपदा असा ओढूनताणून पूल बांधू नकोस. एका मुलानं तो बांधला होता. मग त्याला काँक्रीटची पारगम्यता आणि मुरमाची पारगम्यता यांत किती पट फरक असतो ते विचारलं, आणि पूल तिथेच कोसळला.

खरी पोकळी वेगळीच आहे. आठवीतला मुलगा आणि आजचा अर्जदार यांच्यामध्ये आठ-नऊ वर्षं गेली. त्या काळात या प्रश्नासाठी तू काय केलंस? काहीच केलं नसेल तर नुसता अनुभव शाखेपर्यंत पोचत नाही, तो आठवण म्हणून मागे राहतो. तुझ्याकडे तीन आठवडे आहेत आणि एक मोजणी करायला तेवढे भरपूर आहेत. म्हणून वरच्या ओळखीत मी विहीर घातली.

बोअर सोड, तिच्यात टेप सोडायची तर तोंडावरची क्लॅम्प काढावी लागते आणि टेप केबलला अडकते. शेजारची किंवा भावकीतली एखादी उघडी विहीर घे, जिच्यावर रोज मोटार चालते. कठड्यावर रंगाची एक खूण कर आणि प्रत्येक वेळी त्याच खुणेपासून मोज. तीस मीटरचा टेप, त्याच्या टोकाला वजन. पाण्याला टेकलं की कळतं. विहिरीत उतरू नकोस, कठड्यावर वाकूही नकोस, सोबत कुणाला तरी घे. पहाटे मोटार टाकण्यापूर्वीची पातळी लिही, ती तुझी स्थिर पातळी. मोटार बंद झाल्या क्षणी एक वाचन घे, मग पहिला तासभर दर दहा मिनिटांनी, पुढे दर अर्ध्या तासानं, संध्याकाळपर्यंत. विहिरीचा व्यास मोज. हे दोन वेगवेगळ्या दिवशी कर. दोन दिवसांचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नकोस, त्या दिवशी शेजारची दुसरी मोटार चालू होती का ते लिहून ठेव. बहुधा तेच कारण निघतं.

समजा विहीर सहा मीटर व्यासाची आहे. तिचं क्षेत्रफळ २८ चौरस मीटरच्या थोडं वर येतं. पहिल्या तासात पाणी ३० सेंटिमीटर चढलं तर साडेआठ हजार लिटर आत आले. तुझी बोअर तासाला पाचशे, विहीर साडेआठ हजार. दुसऱ्या तासात चढ कमी होईल, तिसऱ्यात आणखी कमी. आलेखावर काढलंस तर रेघ सुरुवातीला उभी आणि पुढे वाकत जाणारी दिसेल. पाणी स्थिर पातळीजवळ पोचतं तसतसा त्याला आत ढकलणारा फरक कमी होतो, म्हणून वेग मंदावतो. त्या एका आलेखाचा कागद फाइलीत वरच ठेव. मुलाखतीत ‘दाखवू का’ म्हणून विचार. कागद टेबलावर आला की सगळे वाकून बघतात, आणि तेवढा वेळ इंग्रजीकडे कुणाचं लक्ष नसतं.

बोअर आणि विहिरीतला हा फरक का, एवढा एक विषय मात्र नीट वाचून जा. आपल्याकडचा बेसाल्ट लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय. प्रत्येक थराचा वरचा भाग भोकाभोकांचा आणि झिजलेला, खालचा भाग घट्ट काळा. काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. बोअर मारताना लाल पाणी आलं असं लोक सांगतात ते बहुधा तिथेच. पाणी राहतं ते मुरमात, झिजलेल्या खडकात आणि भेगांत. घट्ट काळ्या खडकात भेग सापडली तर पाणी, नाही तर नुसता धुरळा. उघडी विहीर मुरमाच्या थरात रुंद तोंडानं बसलेली असते, तिला चहूबाजूंनी पाझर मिळतो. बोअर साडेसहा इंचांची, तिला एखाद-दुसरी भेग लागली तर लागली.

आणि साठा किती असतो? भूजलाचं मूल्यांकन करताना झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टची विशिष्ट उत्पत्ती साधारण २ टक्के धरतात, १ ते ३ च्या दरम्यान. इंग्रजीत तिला स्पेसिफिक यील्ड म्हणतात, तोच शब्द मुलाखतीत वापर. एक हेक्टर रानात पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर मिळतात २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर, दहा हजार लिटरचे वीस टँकर. घट्ट खडकात यापेक्षा कितीतरी कमी. हा एक आकडा तुला स्वतःला काढता आला तर ‘मराठवाड्यात पाणी का टिकत नाही’ या प्रश्नावर भाषण न करता दोन वाक्यांत उत्तर देता येईल. पाऊस कमी हे कारण खरंच आहे, पण चांगल्या पावसाच्या वर्षीही खडकात मावतं तेवढंच मावतं.

तुमच्या भागात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची एखादी निरीक्षण विहीर असेल. तिची पातळी वर्षातून चार वेळा घेतात. लातूरच्या कार्यालयात जाऊन २०१६ च्या उन्हाळ्यातली नोंद मागून बघ. मिळाली तर तुझ्या १८० ते २१० फुटांशेजारी मांड, पण ते दोन आकडे जुळायलाच हवेत असा हट्ट धरू नकोस. ती उघडी विहीर आहे, वरच्या थराची पातळी सांगते. तुझी बोअर खालच्या भेगेतलं पाणी घेत होती. दोन्हींत मोठा फरक असणं स्वाभाविक आहे, आणि तो फरक का हे सांगता आलं तर मी असतो तर पुढचं काही विचारलंच नसतं.

इंग्रजीबद्दल. ओळख आधी मराठीत लिही, मोठ्यानं बोल, घड्याळ लाव. मग प्रत्येक वाक्य सोप्या इंग्रजीत घाल, एका वाक्यात एकच क्रियापद ठेव. मी मोटार चालवायचो. सहा ड्रम भरायचे. मग मोटार हवा घ्यायची. अशा तुटक वाक्यांचं इंग्रजी कुणालाही जमतं आणि ऐकायलाही स्पष्ट असतं. ‘वॉटर स्कॅर्सिटी इन रूरल मराठवाडा’ असली निबंधातली वाक्यं टाळ, ती पाठ करावी लागतात आणि मधेच कुणी अडवलं तर पुढचं आठवत नाही. अडलास तर एखादा शब्द हिंदीत विचारून घे. आमच्याकडे ‘पाणी उपसतं’ ला इंग्रजीत काय म्हणतात म्हणून एका मुलीनं सरळ विचारलं होतं. सगळ्यांनी मिळून तिला शब्द दिला आणि मुलाखत पुढे गेली.

आणखी एक गोष्ट जरा जपून सांगतो. दुष्काळानं तुमच्या घरात काही दुःख झालं असेल, कर्ज, जनावरं विकणं किंवा त्याहून मोठं काही, तर ते ओळखीत आणायचं की नाही हे सर्वस्वी तुझं तू ठरव. मी इतकंच पाहिलंय, की ते सांगितल्यावर खोली शांत होते आणि पुढचा प्रश्न विचारायला कुणाचा जीव धजत नाही. मग ते विषय बदलतात, आणि तुझी बोअर मागेच राहते. ड्रमबद्दल मात्र माणूस मोकळेपणानं विचारू शकतो, शंका घेऊ शकतो, तुला खोडून काढू शकतो. मुलाखतीत तू उठून दिसशील तो अशाच खोडाखोडीत.

सराव करताना मित्राला ओळख ऐकव आणि त्याला एकच काम दे: ऐकून झाल्यावर मनात आलेला पहिला प्रश्न विचारायचा. त्यानं ‘गेटमध्ये किती पडले’ विचारलं तर ओळख फसली, पुन्हा लिही. त्यानं ‘ड्रम किती लिटरचा होता’ विचारलं तर तशीच ठेव.

विहिरीचं पहिलं वाचन शक्यतो या रविवारीच घे, कारण एखादा मोठा पाऊस झाला की लोक मोटारी बंद ठेवतात आणि मग उपसा नसलेल्या विहिरीत मोजायला काही उरत नाही. वडिलांकडून पाइपांची संख्या कळली की मला कळव, बोअरचा हिशेब दोघं मिळून पुन्हा एकदा घालून बघू.